टाकीत वीतभर पाणी असताना पंप हवा का ओढतो?

आजचा एपिसोड भोवऱ्यावर आहे. पोरं दोरी गुंडाळून फिरवतात तो नव्हे, पाण्यातला. सिंक रिकामं होताना जाळीवर गरगर फिरणारा. तो बघायला मजा येते, पण टाकीच्या तळाशी पंप जोडलेला असेल तर तोच भोवरा पंपाला हवा पाजतो. मी बीटेक मेकॅनिकलमध्ये केलं आणि आता दिवसभर कोड लिहिते. फ्लुइड मेकॅनिक्समधला हा एक विषय मात्र डोक्यातून गेला नाही, कारण त्याचं उत्तर फारच साधं आणि देखणं आहे.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा ट्रान्सक्रिप्ट. आकडे जरा आहेत, पण सगळे एकाच टाकीचे आहेत.

आपली टाकी

एक टाकी डोळ्यासमोर आणा. गच्चीवर असते तशी गोल, १००० लिटरची. व्यास १ मीटर, म्हणजे मधोमध उभं राहिलं तर भिंत ५० सेंटीमीटरवर. तळाच्या मध्यभागी आउटलेट आहे, २ इंची पाइपचं, म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर व्यासाचं. (घरच्या बऱ्याच टाक्यांना आउटलेट बाजूला असतं. गोष्ट तीच घडते, पण तळाचं आउटलेट समजायला सोपं.) त्या पाइपला प्रेशर पंप जोडलाय आणि तो सेकंदाला अडीच लिटर पाणी ओढतो. १५ लिटरची बादली ६ सेकंदांत भरेल, एवढं.

आता होतं असं. टाकी भरलेली असताना सगळं मस्त चालतं. पाणी खाली खाली जातं आणि वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर उरतं. तेवढ्यात पंपाचा आवाज बदलतो. खरखर, गुडगुड. नळाचं पाणी धक्के देत, फसफसत येतं. आपण वर जाऊन झाकण उघडून बघतो, तर टाकीत दीडशेहून जास्त लिटर पाणी आहे. मग पाण्याच्या तळाशी असलेल्या तोंडात हवा शिरली कुठून?

पाइप कुठे लीक असेल, असं आधी वाटतं. तेही असू शकतं. पण नीट बघितलं तर पाण्याच्या मध्यावर एक खळगा दिसतो आणि त्यातून दोरीसारखी एक पोकळ नळी थेट तळापर्यंत गेलेली असते. त्या नळीच्या आत हवा असते. पंप पाण्याबरोबर तीही पितो.

फिरणं येतं कुठून

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला काढू. 'पृथ्वी फिरते म्हणून पाणी फिरतं, आपल्याकडे एका दिशेला आणि ऑस्ट्रेलियात उलट', हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पृथ्वीचा परिणाम खरा आहे, पण तो किती, ते बघा. मुंबईच्या अक्षांशावर, आपल्या टाकीच्या भिंतीजवळ, पृथ्वीमुळे मिळणारा फिरण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा येतो. टाकी भरताना पाणी जरा तिरकं पडलं तरी त्याच्या हजारपट वेग सहज मिळतो. त्यामुळे भोवऱ्याची दिशा ठरवते ती तुमची भरण्याची पाइप.

पृथ्वीचा परिणाम बघायचाच असेल तर किती जपावं लागतं, ते १९६२ मध्ये एमआयटीच्या ॲशर शपिरो यांनी दाखवलं. त्यांनी ६ फूट व्यासाच्या टाकीत पाणी भरून ते चोवीस तास शांत ठेवलं आणि मग बारीकशा छिद्रातून हळूहळू जाऊ दिलं. तेव्हा कुठे ते उत्तर गोलार्धाच्या हिशेबाने, घड्याळाच्या उलट दिशेला फिरलं. आपल्या गच्चीवर एवढी शांतता कधीच नसते.

तर आपल्या टाकीत भरण्याची पाइप भिंतीला लागून तिरकं पाणी सोडते, असं धरा. टाकी भरून झाली, पण पाणी अजून हळूच फिरतंय. भिंतीजवळ त्याचा वेग सेकंदाला २ सेंटीमीटर. एवढा कमी की वर एखादं पान तरंगत असेल तरच लक्षात येईल. त्या पानाला टाकीला एक पूर्ण फेरी मारायला अडीच मिनिटांहून जास्त लागतील.

एवढ्या आळशी फिरण्यातून तळापर्यंत जाणारी हवेची नळी कशी तयार होते? इथेच खरी गंमत आहे.

आत येताना वेग का वाढतो

ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसून, हात पसरून गिरकी घ्या आणि मग हात छातीशी आणा. खुर्ची एकदम जोरात फिरते. बाहेरून कोणी ढकलत नाही. फिरणारी गोष्ट मध्याजवळ आली की तिचा वेग वाढतो, एवढंच.

टाकीतल्या पाण्याचं तेच होतं. आउटलेट मध्यावर आहे, त्यामुळे भिंतीजवळच्या पाण्याला आत सरकावं लागतं. नियम सोपा आहे: मध्यापासूनचं अंतर गुणिले फिरण्याचा वेग, हा गुणाकार जवळपास कायम राहतो. अंतर निम्मं झालं की वेग दुप्पट.

आपल्या टाकीत हा गुणाकार किती? भिंतीजवळ अंतर ५० सेंटीमीटर, वेग २. गुणाकार १००. आता आत चला. मध्यापासून १० सेंटीमीटरवर वेग सेकंदाला १०. एक सेंटीमीटरवर वेग १००, म्हणजे सेकंदाला १ मीटर. अर्ध्या सेंटीमीटरवर २ मीटर. जे पान मघाशी अडीच मिनिटांत एक फेरी मारत होतं, ते मध्याजवळ आलं की सेकंदाला कित्येक गिरक्या घेतं.

आता या वेगाचा खळग्याशी काय संबंध? गोल फिरणाऱ्या पाण्याला मध्याकडे ढकलणारं काहीतरी लागतं, नाहीतर ते सरळ बाहेर जाईल. ती ढकल मिळते दाबाच्या फरकातून: बाहेर दाब जास्त, मध्यावर कमी. पण पाण्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे हवेचाच दाब असतो, तो काही बदलत नाही. मग मध्यावरचा दाब कमी होण्याचा एकच मार्ग उरतो. तिथली पाण्याची पातळीच खाली जाते. हाच खळगा.

आणि वेग दुप्पट झाला तर खळगा दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे आकडे असे येतात. मध्यापासून १० सेंटीमीटरवर पाणी फक्त अर्धा मिलिमीटर खाली गेलेलं असतं, डोळ्यांना दिसणारही नाही. एक सेंटीमीटरवर ५ सेंटीमीटर खाली. आणि अर्ध्या सेंटीमीटरवर थेट २० सेंटीमीटर.

वीस सेंटीमीटर! म्हणजे आपलं वीतभर पाणी. टाकीत वीतभर पाणी उरलेलं असताना, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, १ सेंटीमीटर रुंद हवेची नळी तळाच्या तोंडाला टेकते. आणखी पाणी गेलं आणि पातळी ५ सेंटीमीटरवर आली, की तीच नळी तळाशी २ सेंटीमीटर रुंद होते. पाच सेंटीमीटरच्या तोंडाचा जवळपास सहावा भाग मग हवेने व्यापलेला असतो.

हा हिशेब ढोबळ आहे. मध्याच्या अगदी जवळ पाण्याचा चिकटपणा वेग अमर्याद वाढू देत नाही. केसाएवढ्या बारीक नळ्या म्हणूनच टिकत नाहीत. पण या मर्यादेतच एक कामाची गोष्ट दडलीय. समजा सुरुवातीचं फिरणं दहापट कमी असतं, सेकंदाला २ मिलिमीटर. मग प्रत्येक ठिकाणचा खळगा शंभरपट कमी झाला असता. एक सेंटीमीटरवर जिथे ५ सेंटीमीटर होता, तिथे अर्धा मिलिमीटर. तळापर्यंत पोहोचू शकणारी नळी इतकी बारीक असती की ती बनायच्या आधीच मिटली असती. थोडक्यात, फिरणं संपवलं नाही आणि नुसतं कमी केलं, तरी हवा थांबते. हे लक्षात ठेवा, बॅफलचं सगळं काम यावरच चालतं.

पंपाला काय होतं, आणि ओळखायचं कसं

भोवरा एकदम हवा ओढत नाही, तो पायऱ्यांनी वाढतो. आधी वरचं पाणी नुसतं फिरताना दिसतं. मग छोटी खळी पडते. मग वर तरंगणारा कचरा त्या खळीत जाऊन खाली ओढला जातो. मग खळीच्या टोकाकडून बुडबुडे सुटायला लागतात. आणि शेवटी पूर्ण पोकळ नळी. कचरा खाली जायला लागला की समजायचं, हवा आता दारात उभी आहे.

साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाला पाणी फेकण्यासाठी बनवलेलं असतं. पाण्यात काही टक्के हवा मिसळली तरी त्याचा दाब घसरतो, कारण हवा हलकी असल्याने पंख्याच्या मध्यावर साचून राहते. जास्त साचली तर पंप नुसता फिरतो, पाणी चढत नाही. आपण म्हणतो ना, 'पंपाने हवा धरली'. तसाच चालू राहिला तर आतलं सील कोरडं घासून जळतं, कारण त्याला थंड ठेवणारं पाणीच नसतं.

पण खरखर आवाज आला म्हणजे भोवराच, असं नाही. सक्शन पाइपचा सांधा सैल असला तरी हवा येते. पंपाला पाणी कमी पडून त्याच्या आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटले तरी खडे वाजल्यासारखा आवाज येतो. मग फरक कसा करायचा? सांध्याची गळती टाकी भरलेली असतानाही हवा देते. भोवरा पातळी ठरावीक खुणेच्या खाली गेल्यावरच त्रास देतो, आणि तोही येत-जात राहतो, कारण नळी तुटते आणि परत जुळते. प्रेशर गेजचा काटा तेव्हा थरथरतो.

पक्की खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. आवाज चालू असताना झाकण उघडून आउटलेटच्या बरोब्बर वर, पाण्यावर एक स्वच्छ फळी किंवा थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवा आणि तो हलणार नाही असा धरा. हवेची वाटच बंद होते. आवाज लगेच थांबला तर भोवरा. चालूच राहिला तर दुसरीकडे शोधा.

पहिला उपाय: पाणी राखून ठेवा

इंजिनिअर लोकांचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे आउटलेटवर कायम ठरावीक उंचीचं पाणी ठेवायचं आणि त्याच्या खाली गेलं की पंप बंद करायचा. पंपांच्या इनटेकसाठी अमेरिकेतल्या हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या मानकात त्याचं एक सूत्र आहे. एपिसोडमध्ये मी ते बोलून दाखवलं, इथे लिहून देते:

```
S = D × (1 + 2.3 F)
F = V / √(g D)
```

S म्हणजे तोंडावर हवी असलेली पाण्याची उंची, D तोंडाचा व्यास, V तोंडातला पाण्याचा वेग, g गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. आपल्या टाकीत D आहे ५ सेंटीमीटर. सेकंदाला अडीच लिटर त्यातून जायचं तर वेग येतो सेकंदाला साधारण १.२७ मीटर. F मग १.८ च्या आसपास, आणि S येतं २६ सेंटीमीटर.

हे सूत्र मुळात पंपाच्या हौदातल्या इनटेकसाठी आहे, छोट्या टाकीला ते अंदाजापुरतंच वापरायचं. तरी बघा, मघाशी फिरण्याच्या हिशेबातून आपल्याला २० सेंटीमीटर मिळाले होते, इथे थोडं राखीव धरून २६. दोन वेगळ्या वाटांनी आपण जवळजवळ एकाच जागी आलो.

आता याची किंमत काढू. आपल्या टाकीत २६ सेंटीमीटर म्हणजे २०० लिटरच्या थोडं वर. हजार लिटरच्या टाकीतला पाचवा भाग वापरताच येणार नाही. उन्हाळ्यात पाणी दिवसातून एकदाच येत असेल तर हे दोनशे लिटर म्हणजे घरातल्या एका माणसाचा सगळा दिवस.

दुसरा उपाय: बॅफल

बॅफल म्हणजे फार मोठं यंत्र नाही, आडव्या-उभ्या पट्ट्या. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे आउटलेटवर अधिकच्या चिन्हासारखा उभा ठेवलेला, एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांचा क्रॉस. फिरत येणारं पाणी पट्टीवर आपटतं. पट्टीच्या एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, आणि पाण्याचं फिरणं पट्टीमार्फत टाकीच्या तळाला दिलं जातं. टाकी काही फिरत नाही, त्यामुळे फिरणं तिथेच संपतं. पुढे पाणी चार खणांतून सरळ मध्याकडे जातं.

पण हा क्रॉस किती मोठा हवा? अनेकांना वाटतं की पाइपच्या तोंडात बसेल एवढा पुरे. आपल्या आकड्यांकडे परत बघा. तोंडाच्या काठावर, अडीच सेंटीमीटरवर, पाणी आधीच सेकंदाला ४० सेंटीमीटर वेगाने फिरतंय. तिथे अडवायला गेलात तर उशीर झाला, खळगा तोंडाच्या वर बनायला लागलेला असतो. त्याऐवजी क्रॉस २० सेंटीमीटर रुंद करा, तोंडाच्या चौपट. आता पाणी मध्यापासून १० सेंटीमीटरवर असतानाच अडतं. तिथे वेग सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर आणि खळगा अर्धा मिलिमीटर. फिरणं मोठं व्हायच्या आधीच आपण त्याला पकडलं. म्हणूनच कारखान्यांतल्या टाक्यांमध्ये क्रॉसची रुंदी साधारणपणे तोंडाच्या दोन ते चारपट ठेवतात.

एक फट मात्र राहते. टाकीत पाणी क्रॉसच्या बरंच वर असेल तर वरच्या थरातलं पाणी फिरतच राहतं, आणि त्यातून एखादी नळी वरून क्रॉसच्या मध्यावर उतरू शकते. त्यासाठी क्रॉसच्या डोक्यावर एक आडवी गोल तबकडी बसवतात, टोपीसारखी. आता वरून सरळ खाली यायला जागाच नाही. हवेची नळी खाली आलीच तर तबकडीवर येऊन थांबते. पाण्याला तबकडीच्या कडेने, बाजूनेच आत यावं लागतं.

या तबकडीचा आणखी एक फायदा आहे. २० सेंटीमीटर रुंद तबकडी तळापासून ५ सेंटीमीटर वर ठेवली, तर तिच्या सगळ्या कडेने मिळून आत यायची जागा पाइपच्या तोंडाच्या १६ पट होते. म्हणजे पाणी १.२७ मीटर वेगाने खेचलं जाण्याऐवजी कडेला सेकंदाला ८ सेंटीमीटर वेगाने, निवांत आत येतं. तोंडाची ओढ जणू मोठ्या घेरावर पसरली.

बॅफलला काय जमत नाही

बॅफल लावला म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत पाणी मिळेल, असं मात्र नाही. पाणी अजिबात फिरत नसलं तरी पातळी खूप खाली गेली की तोंडाच्या वर पृष्ठभाग आपोआप आत खचतो. पाणी बाजूने पुरेसं लवकर येऊ शकत नाही, म्हणून मधे खड्डा पडतो आणि हवा आत जाते. १९६७ मध्ये लुबिन आणि स्प्रिंगर यांनी हे नेमकं मोजलं. नुसत्या तोंडासाठी त्यांचं सूत्र लावलं तर सेकंदाला अडीच लिटरला हा खड्डा ४ सेंटीमीटरवर पडतो. हा भोवरा नाही, त्यामुळे क्रॉस त्याला थांबवू शकत नाही.

आपल्या टाकीत ४ सेंटीमीटर म्हणजे ३० लिटरच्या आसपास. तबकडी तळापासून ५ सेंटीमीटरवर आहे, त्यामुळे पाणी तिच्या कडेपर्यंत उतरलं की पंप बंद करणंच शहाणपणाचं. तसं धरलं तरी अडकून राहणारं पाणी दोनशे लिटरवरून चाळीसेक लिटरवर आलं. तिथून पुढे कमी करायचं तर पंपाचा वेग कमी करायचा किंवा तळाला खोलगट खड्डा करून आउटलेट त्यात बसवायचं.

दोन गोष्टी आणखी. भरण्याच्या पाइपमधून पाणी उंचावरून धबाधबा पडत असेल तर ते बुडबुडे घेऊनच खाली जातं. ते बुडबुडे बॅफलमधूनही आत जातात. तिथे पाइपचं तोंड पाण्याखाली नेणं किंवा आउटलेटपासून लांब ठेवणं हाच उपाय. आणि क्रॉसच्या खणांत गाळ, शेवाळ, पानं अडकतात. तबकडीखालची जागा निम्मी बुजली की पंपाला पाणी कमी पडायला लागतं. टाकी धुताना तिथे हात घालायला विसरू नका.

हेच रॉकेटमध्ये

याच पट्ट्या नासाच्या स्पेस शटलच्या बाहेरच्या मोठ्या, केशरी टाकीतही होत्या. त्या टाकीत खरं तर दोन टाक्या होत्या, एक द्रव ऑक्सिजनची आणि एक द्रव हायड्रोजनची. दोन्हींच्या तळाशी १७ इंची पाइपच्या तोंडावर भोवरा रोखणारे बॅफल बसवलेले होते. तिथला हिशेब आपल्यासारखाच, फक्त जास्त कडक. पंपात वायू शिरला तर पंपावरचा भार अचानक जातो आणि तो बेफाम फिरू लागतो, त्यामुळे हवा-वायू अजिबात चालत नाही. आणि टाकीत राखून ठेवलेलं प्रत्येक किलो इंधन म्हणजे विनाकारण वर वाहून नेलेलं वजन.

घरी करून बघा

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिचा तळ कापा आणि ती उलटी धरा. तोंडावर अंगठा ठेवून पाणी भरा, चमच्याने गोल ढवळा आणि अंगठा काढा. हवेची नळी लगेच दिसेल. फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या दोन पट्ट्या कापा, एकमेकींत खाच करून क्रॉस बनवा, तो बाटलीच्या निमुळत्या भागात, तोंडाच्या थोडा वर अडकवा आणि परत तसंच ढवळून बघा. नळी मोडेल, आणि बाटली आधीपेक्षा लवकर रिकामी होईल, कारण आता तोंडाची सगळी जागा पाण्याला मिळते.

दोन्ही वेळा कमेंटमध्ये टाका. ढवळणं हळू आणि जोरात असे दोन्ही प्रकार केलेत तर फारच उत्तम, कारण हळू ढवळल्यावर क्रॉस नसतानाही नळी बनत नाही अशी एक पायरी सापडते. ती कुठे आहे ते बघायला मला आवडेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!